महिन्याची गळती: भागाकार नेमका कशाने करायचा?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. कारखाना कल्पनेतला आहे आणि आकडे मी हिशेबाच्या सोयीने बेतले आहेत, पण त्यांची चाल त्या भागातल्या कुठल्याही एचआरवाल्याला ओळखीची वाटेल. महिना नोव्हेंबर २०२५. ऑक्टोबरात दिवाळी झाली, बोनस खात्यात पडला, आणि ज्यांनी दिवाळीपर्यंत कळ काढली होती त्यांनी सात तारखेचा पगार घेऊन रामराम ठोकला. महिनाभरात २४ जण गेले. महिन्याच्या शेवटी मात्र नवी असेंब्ली लाइन सुरू व्हायची होती, म्हणून २४ तारखेला एकदम १०४ जणांची भरती झाली. ३१ ऑक्टोबरच्या रात्री पटावर ३२० माणसे होती, ३० नोव्हेंबरच्या रात्री ४००.

आता आढावा बैठकीत प्लांट हेड विचारतात, “गळती किती?”

एकच महिना, चार उत्तरे

एचआरचा तक्ता सांगतो ६ टक्के. त्याने २४ ला महिनाअखेरच्या ४०० ने भागले. अकाउंट्सचा माणूस म्हणतो ७.५ टक्के, कारण त्याने महिन्याच्या सुरुवातीचे ३२० धरले. भरतीचे काम पाहणाऱ्या मॅडमनी ३२० मध्ये नवे १०४ मिळवून ४२४ ने भागले. त्यांचे उत्तर ५.६६. मुख्य कार्यालयातून आलेल्या नमुन्यात सुरुवात आणि शेवट यांची सरासरी धरायला सांगितले आहे, म्हणजे ३६०, आणि उत्तर ६.६७.

माणसे किती गेली यावर कुणाचे दुमत नाही. सगळा फरक छेदात आहे. आणि या चारही उत्तरांपैकी एकही या महिन्याचे बरोबर उत्तर नाही.

सूत्र

सूत्र एका ओळीत मावते:

```
मासिक गळती (%) = महिन्यात सोडून गेलेले ÷ महिन्यातली सरासरी पटसंख्या × 100
```

‘सोडून गेलेले’ म्हणजे ज्यांच्या कामाचा शेवटचा दिवस, तक्त्यातला ‘लास्ट वर्किंग डे’, त्या महिन्यात पडला ते. राजीनामा कधी दिला हे इथे पाहायचे नाही. सप्टेंबरात राजीनामा देऊन साठ दिवसांची नोटीस भरणारा इंजिनिअर नोव्हेंबरात बाहेर पडला, तर तो नोव्हेंबरच्या गळतीत येतो. तोपर्यंत तो पटावर आहे, पगार घेतो आहे, म्हणून छेदातही आहे. राजीनाम्यांची संख्या वेगळी ठेवावी, पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज तिच्यावरूनच येतो. पण ती या सूत्रात घालू नये. फुल अँड फायनल झाल्याच्या तारखेचेही तेच. ती तारीख अकाउंट्सच्या सवडीवर ठरते, माणूस कधी गेला हे तिच्यावरून कळत नाही.

छेदात कोण असते?

नियम एकच: ज्याचे जाणे तुम्ही अंशात मोजणार, तोच छेदात असावा. आपल्याकडे हा नियम सर्रास मोडतो तो कंत्राटी कामगारांच्या बाबतीत. कारखान्यात रोज आत येणाऱ्यांची संख्या गेटवरच्या नोंदवहीतून घेतली, तर तीत ठेकेदाराची माणसेही येतात. पण ठेकेदाराचा माणूस यायचा बंद झाला तर त्याची नोंद कंपनीच्या एचआरकडे होत नाही, ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पाठवतो. मग छेदात सहाशे आणि अंशात फक्त कंपनीच्या पटावरचे, अशी जोडी जमते आणि गळती फसवी कमी दिसते. कंत्राटी कामगार मोजायचे तर दोन्हीकडे मोजावेत आणि त्यांचा दर स्वतंत्र काढावा. ॲप्रेंटिस आणि ट्रेनींचेही असेच. त्यांची मुदत संपणे ही ठरलेलीच गोष्ट असते, त्यामुळे त्यांना कायम कामगारांत मिसळले की ज्या महिन्यात एखादी तुकडी बाहेर पडते त्या महिन्याचा आकडा उगाच उसळतो.

बाळंतपणाच्या रजेवरची बाई, अपघातानंतर तीन महिने घरी असलेला फिटर, बिनपगारी रजेवर गावी गेलेला हेल्पर हे सगळे पटावरच असतात. पटसंख्या आणि हजेरी यांत गल्लत नको. आज कामावर किती आले हा प्रश्न उत्पादनाचा आहे. आपल्याला हवे आहे ते नोकरीत किती आहेत.

बदलीचा प्रश्न थोडा वेगळा. चाकणहून रांजणगावच्या प्लांटला गेलेला माणूस चाकणच्या पटावरून उतरला, कंपनीतून मात्र गेला नाही. संपूर्ण कंपनीची गळती काढताना त्याला अंशात धरू नये. प्लांटची गळती काढतानाही मी त्याला बदलीच्या वेगळ्या रकान्यात ठेवीन, कारण त्याला थांबवायला कुणी काही करायला हवे होते असे नाही. पट जुळवताना मात्र तो वजा करावाच लागतो.

दोन टोकांची सरासरी कुठे फसते

बहुतेक नमुन्यांत सुरुवातीची पटसंख्या अधिक शेवटची, भागिले दोन, असे असते. एरवीच्या महिन्यात ते पुरते. ४०० माणसे होती, १२ आली, १० गेली, शेवटी ४०२. सुरुवातीने भागा, शेवटाने भागा किंवा सरासरीने भागा, उत्तर अडीच टक्क्यांच्याच आसपास येते. फरक दशांशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरात. अशा महिन्यात छेदावरून वाद घालणारा रिकामटेकडा म्हणायचा.

आपल्या नोव्हेंबरात तसे नाही. दोन टोकांच्या सरासरीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: येणारे आणि जाणारे महिनाभर सारखे विखुरलेले आहेत. म्हणजे प्रत्येक नवा माणूस सरासरी अर्धा महिना होता आणि प्रत्येक गेलेला माणूसही सरासरी अर्धा महिना होता. १०४ नव्यांना ती सरासरी ५२ पूर्ण माणसांइतके वजन देते. प्रत्यक्षात ते २४ तारखेला आले, ३० पैकी फक्त सात दिवस पटावर होते. १०४ ला सात दिवसांनी गुणून तिसाने भागले तर २४ च्या थोडे वर येते. म्हणजे जवळजवळ २८ माणसांचे वजन फुकटचे मिळाले. जाणाऱ्यांच्या बाजूनेही चूक त्याच दिशेची आहे, पण लहान: ते महिन्याच्या पूर्वार्धातच जास्त गेले, तरी सरासरीने त्यांना अर्धा महिना हजर धरले.

छेदाचे काम काय, हे यावरून उलगडते. सोडून जाण्याची संधी किती माणसांना, किती दिवस होती, हे त्याने सांगायचे असते. २४ तारखेला आलेल्या माणसाला ८ तारखेला सोडून जाता येत नव्हते. त्याला पूर्ण महिन्याचा, किंवा अर्ध्याही महिन्याचा, हक्काचा मानकरी करणे चूक. भरतीवाल्या मॅडमचे ४२४ म्हणूनच सगळ्यांत वाईट. तितकी माणसे कारखान्यात एकाही दिवशी नव्हती.

महिनाअखेरचा आकडा वापरण्याची सवय मात्र सहजासहजी सुटत नाही, कारण तो हाताशी असतो आणि वाढत्या कंपनीत तो चांगला दिसतो. भरती जोरात झाली की गळती आपोआप उतरते, एकही माणूस न थांबवता. उलट ज्या वर्षी भरती बंद होते त्या वर्षी तोच छेद आक्रसतो आणि गळती वाढल्यासारखी दिसते. ज्या आकड्यावर कुणाचा वार्षिक बोनस ठरतो, त्याचा छेद त्याच माणसाने निवडू नये.

रोजच्या पटाची सरासरी

उपाय सरळ आहे. महिन्याच्या प्रत्येक दिवसाअखेरची पटसंख्या काढायची, बेरीज करायची, दिवसांनी भागायचे. आपल्या कारखान्यात ८ तारीख हा १४ जणांचा शेवटचा दिवस होता, १५ तारीख ६ जणांचा, २९ तारीख ४ जणांचा. रोजचा पट असा येतो:

१ ते ७ नोव्हेंबर, सात दिवस: ३२०
८ ते १४, सात दिवस: ३०६
१५ ते २३, नऊ दिवस: ३००
२४ ते २८, पाच दिवस: ४०४
२९ आणि ३०, दोन दिवस: ४००

बेरीज ९,९०२ माणूस-दिवस. तिसाने भागले की ३३०.०७. आणि २४ भागिले ३३०.०७ म्हणजे ७.२७ टक्के. मुख्य कार्यालयाच्या नमुन्याने ६.६७ दाखवले होते. सहा दशांशांचा हा फरक एका महिन्यात किरकोळ वाटेल, पण पुढच्या महिन्यात दर ७ टक्के आला तर एका हिशेबाने गळती वाढली आणि दुसऱ्याने कमी झाली, असा उलटा निष्कर्ष निघतो.

रोजचा पट काढणे शक्य नसेल तर आठवड्याचा चालतो. १, ८, १५, २२ आणि २९ तारखेचे आकडे घेतले तर ३२०, ३०६, ३००, ३००, ४००; सरासरी ३२५.२ आणि दर ७.३८. खऱ्या उत्तराच्या बराच जवळ. ज्या महिन्यात एका दिवशी पटाच्या पाच टक्क्यांहून जास्त माणसे आली किंवा गेली, त्या महिन्यात तरी दोन टोकांवर विसंबू नये, असा माझा अंगठ्याचा नियम आहे. पण मग एकदा जो छेद ठरवला तो वर्षभर ठेवावा. मनाला येईल त्या महिन्यात पद्धत बदलणाऱ्याच्या आलेखावर कुणी विश्वास ठेवत नाही.

ताळा

आकडा वर पाठवण्याआधी एक बेरीज जुळलीच पाहिजे: सुरुवातीचा पट, अधिक नवे, अधिक बदलीने आलेले, वजा सोडून गेलेले, वजा बदलीने गेलेले, बरोबर शेवटचा पट. आपल्याकडे ३२० अधिक १०४ वजा २४ बरोबर ४००. जुळले.

जुळत नाही तेव्हा चूक बहुधा महिन्याच्या कडेला सापडते. ३० तारीख हा ज्याचा शेवटचा दिवस, त्याला नोव्हेंबरच्या गळतीत धरले आणि ३० तारखेच्या पटातही ठेवले, की एकाचा फरक पडतो. दिवसाअखेरचा पट मोजायचा असे ठरवले तर तो त्या रात्री पटावर नाही. तसेच सुरुवातीचा पट म्हणजे आदल्या महिन्याच्या शेवटच्या रात्रीचा पट. १ तारखेला सकाळी आलेल्यांना सुरुवातीत मिसळले की तेच लोक ‘नवे’ या रकान्यातही येतात, आणि बेरीज फुगते.

एक्सेलमध्ये

समजा B रकान्यात रुजू झाल्याची तारीख आहे, C मध्ये शेवटचा दिवस (नोकरीत असलेल्यांचा रिकामा), D मध्ये कारण. F2 ते F31 मध्ये १ ते ३० नोव्हेंबरच्या तारखा लिहा. G2 मध्ये हे सूत्र घालून खाली ओढा:

```
=COUNTIFS(B:B,"<="&F2,C:C,">"&F2)+COUNTIFS(B:B,"<="&F2,C:C,"")
```

पहिला भाग पुढे कधीतरी गेलेल्यांना मोजतो, दुसरा अजून असलेल्यांना. नोटीस भरत असलेल्याची तारीख आधीच भरून ठेवली तरी तो त्या दिवसापर्यंत पटावर राहतो, कारण अट ‘नंतरची तारीख’ अशी आहे. सरासरी आणि गेलेल्यांची संख्या अशी:

```
=AVERAGE(G2:G31)
=COUNTIFS(C:C,">="&F2,C:C,"<="&F31)
```

इथे एक खड्डा नेहमीचा. कुणीतरी तारीख 24.11.2025 अशी टिंबे देऊन टाइप करते आणि आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर एक्सेल तिला तारीख न मानता मजकूर मानते. शेवटच्या दिवसाच्या रकान्यात असे झाले तर तो माणूस ना गेलेल्यांत मोजला जातो, ना असलेल्यांत. रकाना रिकामाही नाही आणि तारीखही नाही. तो पहिल्या दिवसापासूनच पटावरून गायब होतो. ओळखायचे कसे? रकाना रुंद करून बघा: खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. आणि वरचा ताळा घातला असेल, तर पट आदल्या महिन्याशी जुळत नाही हे आधीच कळलेले असते.

कारणांची वर्गवारी

आता २४ जणांची फोड. १३ जणांनी रीतसर राजीनामा दिला. ५ जण न सांगता यायचे बंद झाले. ३ जणांना प्रोबेशनमध्येच कंपनीने कमी केले. २ जणांचा ठरावीक मुदतीचा करार संपला. १ जण निवृत्त झाला.

यातल्या पहिल्या दोन गटांत निर्णय माणसाचा आहे, तिसऱ्यात कंपनीचा, आणि शेवटच्या दोन गटांत कुणाचाच नाही, वेळ भरली एवढेच. सेवेत असताना झालेला मृत्यूही याच शेवटच्या गटात जातो. ही तिहेरी विभागणी आधी करावी आणि मगच आत शिरावे. राजीनाम्यांची आतली कारणे म्हणजे पगार, शिफ्ट, प्रवास, वरिष्ठाशी न पटणे, गावाकडची ओढ. ही फक्त पहिल्या गटात विचारण्यात अर्थ आहे.

दर काढताना प्रत्येक गटाला तोच छेद वापरायचा, ३३०.०७. राजीनामे ३.९४ टक्के, न सांगता गेलेले १.५१, कंपनीने कमी केलेले ०.९१, करार संपलेले ०.६१, निवृत्त ०.३०. यांची बेरीज ७.२७, म्हणजे एकूण दराइतकीच. छेद एकच ठेवण्याचा फायदा हाच. ‘निवृत्तीच्या वयाला आलेले’ किंवा ‘प्रोबेशनवरचे’ असे वेगवेगळे छेद घेतले, तर प्रत्येक आकडा आपल्या जागी खरा असेल, पण बेरीज लागणार नाही आणि बैठकीत निम्मा वेळ ती का लागत नाही हे समजावण्यात जाईल.

विभागवार दर काढताना नियम उलटा. पेंट शॉपच्या गळतीला पेंट शॉपचीच सरासरी हवी, आणि विभागांच्या दरांची बेरीज करायची नसते. शिवाय सहा जणांच्या टूल रूममधून एक गेला की महिन्याची गळती १६.७ टक्के होते. अशा लहान विभागांचे टक्के छापू नयेत. ‘सहापैकी एक’ असे लिहावे, वाचणाऱ्याला जास्त कळते.

दर वेगळा, वाटा वेगळा

गेलेल्यांपैकी राजीनामे किती, हा दुसरा टक्का. नोव्हेंबरात २४ पैकी १३, म्हणजे ५४ टक्के. हा वाटा झाला, दर नव्हे. समजा डिसेंबरात सरासरी पट ४०० राहिला, १२ जण गेले आणि त्यांतले ९ राजीनामे. वाटा ७५ टक्क्यांवर चढला, आणि दर ३.९४ वरून २.२५ वर उतरला. वर्तुळाकार आलेखात राजीनाम्यांची फाक मोठी झालेली पाहून कुणीतरी “लोक फार सोडून चाललेत” म्हणणार, आणि प्रत्यक्षात आधीच्या महिन्यापेक्षा कमी लोकांनी राजीनामे दिलेले असणार. कारणांच्या गटांसाठी मी वर्तुळ काढतच नाही. महिन्यागणिक उभे स्तंभ, आत गटांचे रंग, आणि स्तंभाची उंची म्हणजे एकूण दर.

“घरचं कारण आहे, साहेब”

वर्गवारी कितीही नेटकी केली तरी तिच्यात भरणारे कारण खरे असेल तरच उपयोग. राजीनाम्याच्या पत्रांवर जाल तर दहापैकी नऊ ‘वैयक्तिक कारणास्तव’ असतात. लिहिणाऱ्याला अनुभवाचा दाखला हवा असतो, शेवटचा पगार अडकायला नको असतो. तो भांडण कशाला लिहील?

संवाद साधारण असा चालतो.

“का सोडतोयस रे?”

“घरचं कारण आहे, साहेब.”

“गावी जाणार?”

“नाही, इथंच. शेजारच्या फेजला लागलोय.”

“पगार जास्त आहे का तिथं?”

“पगार तेवढाच हो. पण त्यांची बस राजगुरुनगरपर्यंत येते. आपल्या रात्रपाळीला मला सकाळी दोन-दोन तास रस्त्यावर उभं राहावं लागतं.”

तक्त्यात ‘वैयक्तिक’ गेले असते. खरे कारण वाहतूक होते, आणि ते कंपनीच्या हातातले होते. हे काढायला तीनच प्रश्न लागले, फक्त विचारणारा त्याचा सुपरवायझर नसावा, आणि हिशेबाच्या कागदावर सही झाल्यानंतर विचारावे. आधी विचारले की माणूस जपून बोलतो.

म्हणून दोन रकाने ठेवावेत: पत्रावरचे कारण आणि बोलण्यातून कळलेले कारण. यादी आठ-दहा कारणांची पुरे, प्रत्येकाला एकच मुख्य कारण. दोन निवडू दिली की बेरीज २४ च्या वर जाते. ‘इतर’ या खणात पाचात एकाहून जास्त जाऊ लागले, तर यादीत एखादे खरे कारण राहून गेले आहे असे समजावे.

भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरताना कारणही निवडावे लागते, म्हणून काही जण तेच उचलून अहवालात टाकतात. तिथली यादी वेगळ्या कामासाठी आहे. निवृत्ती, सेवेत मृत्यू, कायमचे अपंगत्व आणि ‘सेसेशन’ असे तिचे खण. पगारासाठी सोडणारा, बसमुळे सोडणारा आणि प्रोबेशनमध्ये काढलेला असे तिघेही एकाच ‘सेसेशन’मध्ये जातात.

सगळ्यांत अवघड नोंद मागून घेतलेल्या राजीनाम्याची. “तू स्वतःहून दे, म्हणजे पुढे तुला त्रास नाही,” असे सांगून घेतलेला कागद पत्रावर राजीनामाच असतो. तो राजीनाम्यांत मोजला की ऐच्छिक गळती वाढते आणि कंपनीने कमी केलेल्यांचा आकडा स्वच्छ दिसतो. दुसऱ्या रकान्यात ते खरे लिहिले गेले तरच गटांना अर्थ.

न सांगता गेलेले

पट्ट्यातल्या कारखान्यांत हा गट मोठा असतो आणि तो आकड्यांना उशिरा सापडतो. ऑपरेटर एक दिवस येत नाही, फोन बंद असतो, खोलीवरचे मित्र म्हणतात गावाला गेला. मग पत्रे, नोटीस, आणि कित्येक दिवसांनी नाव पटावरून कमी. त्याचा शेवटचा दिवस कोणता? नाव कमी केल्याचा नव्हे, शेवटच्या हजेरीचा.

याचा अर्थ मागचा महिना पुन्हा उघडावा लागतो. डिसेंबरच्या मध्यावर कळले की आणखी दोघे २८ नोव्हेंबरनंतर आलेलेच नाहीत. मग नोव्हेंबरचे सोडून गेलेले २६ होतात, २८ ते ३० या तीन दिवसांचे त्यांचे सहा माणूस-दिवस वजा होऊन बेरीज ९,८९६ होते, सरासरी ३२९.८७ आणि दर ७.८८. डिसेंबरची सुरुवात ४०० ऐवजी ३९८ पासून. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी अशांना नाव कमी केले त्या महिन्यात मोजतात. सोयीचे आहे, पण मग दिवाळीनंतरची गळती डिसेंबर-जानेवारीत दिसते आणि नोव्हेंबर निर्दोष सुटतो. मी आकडा दोनदा देईन: महिना संपल्यावर कच्चा, आणि पंचेचाळीस दिवसांनी पक्का, वर ‘कच्चा’, ‘पक्का’ असे लिहून.

बारा महिन्यांचा दर

७.२७ ला बाराने गुणून ८७ टक्के असे सांगणारे भेटतात. दिवाळीनंतरचा महिना वर्षभर चालत नाही, त्यामुळे तो आकडा भीती घालण्यापलीकडे कामाचा नाही. वर्षाचा दर म्हणजे गेल्या बारा महिन्यांत सोडून गेलेल्यांची बेरीज, भागिले त्या बारा महिन्यांच्या सरासरींची सरासरी. दर महिन्याला जुना महिना गळतो, नवा जोडला जातो.

बाहेरच्या आकड्यांशी तुलना करताना अंशात कोण आहे ते आधी पाहावे. इन्फोसिस तिमाही निकालांसोबत गेल्या बारा महिन्यांची फक्त ऐच्छिक गळती सांगते; जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत ती २८.४ टक्के होती. त्यात काढलेले किंवा निवृत्त झालेले धरलेले नसतात. उलट सेबीने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीच्या केलेल्या शाश्वतता अहवालात राजीनामा, बडतर्फी, निवृत्ती आणि सेवेतील मृत्यू असे सगळे जाणे एकत्र मोजतात, आणि छेद असतो वर्षाच्या सुरुवातीच्या व शेवटच्या संख्येची साधी सरासरी. तिथे तोच छेद भरायचा, कारण सगळ्या कंपन्या तोच भरतात. घरातला मासिक अहवाल त्यावर बेतण्याची गरज नाही.

एक शेवटचा घोळ बारा महिन्यांच्या आकड्यातच दडलेला असतो. ४०० च्या कारखान्यात वर्षात १२० जण गेले, गळती ३० टक्के. यावरून दर दहातले तिघे गेले असे वाटते. पण असेही असू शकते की ३७० जण हललेच नाहीत आणि तीस जागा प्रत्येकी चारदा रिकाम्या झाल्या. सरासरी पटाच्या छेदातून हा फरक कधीच दिसणार नाही, तो कितीही अचूक काढला तरी. त्यासाठी भरतीच्या तुकडीचा वेगळा हिशेब लागतो: २४ नोव्हेंबरला आलेल्या १०४ जणांपैकी ९० दिवसांत, म्हणजे २२ फेब्रुवारीपर्यंत, किती गेले. तिथे छेदात सरासरी नको, १०४ च हवेत, आणि मधल्या काळात दुसरे कितीही आले तरी ते बदलायचे नाहीत.